विषयवाले सर

आंतरशालेय वादविवाद स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक शाळेत घंटा मारणारा एक असतो, कपांना ब्रासो लावणारा एक असतो आणि विषय काढणारा एक असतो. पहिल्या दोघांना काम नेमून दिलेलं असतं. तिसऱ्याला कोणी नेमत नाही. तो एका वर्षी बैठकीत 'हा विषय बरोबर नाही' असं बोलून बसतो आणि जन्माचा अडकतो. आमच्याकडे असे जे अडकलेत त्यांना सगळा तालुका 'विषयवाले सर' म्हणतो. मुळात ते भूमिती शिकवतात. त्यामुळे आम्हा भाषावाल्यांना हे आपल्या प्रांतावरचं आक्रमण वाटतं. पण विषय काढायची वेळ आली की आम्हीच त्यांना खुर्ची देतो आणि चहा सांगतो.

सरांचं स्वतःचं मत आजवर कोणी ऐकलेलं नाही. घरी गवार करू की भेंडी, असं वहिनींनी विचारलं तर ते म्हणतात, "या दोन बाजू समान बळाच्या नाहीत. भेंडीकडे मुलं आहेत." वहिनी अर्थातच भेंडी करतात, आणि गवारीची बाजू कोणी धड मांडलीच नाही म्हणून सर जेवताना हळहळतात. स्टाफरूममधल्या वर्तमानपत्राच्या अग्रलेखाशेजारी लाल पेनाने 'प्रतिकूल बाजू दुबळी' असं लिहिलेलं दिसलं, तर पेपर आधी कोणाच्या हातात होता हे विचारावं लागत नाही.

नववी-दहावीच्या गटाला 'तंत्रज्ञान आणि समाज' हे सूत्र ठरलेलं आहे. सूत्र ठरलं की विषय आपोआप सुचतो असा बाकीच्या जगाचा समज असतो. यंदाच्या बैठकीत हिंदीच्या बाईंनी पर्स आवरता आवरता सुचवलं, "मोबाइल : शाप की वरदान. झालं. चला."

"बाई," सर म्हणाले, "यात हरणार कोण?"

बाई पुन्हा बसल्या. सरांचं म्हणणं असं, की या विषयावर मुलं पहिली दोन मिनिटं वेगवेगळ्या बाजूंनी बोलतात आणि तिसऱ्या मिनिटाला एकाच जागी येतात. शाप म्हणणारा सांगतो की मोबाइल चांगलाही आहे, वरदान म्हणणारा कबूल करतो की तो वाईटही आहे, आणि दोघेही खिशातून तीच सुरी काढतात : सुरीने भाजी चिरता येते आणि गळाही चिरता येतो, दोष सुरीचा नाही. "मागे एका स्पर्धेला परीक्षक होतो. इतक्या सुऱ्या निघाल्या की चहापानाच्या वेळी पोलिसांना कळवावं की काय असं वाटलं."

यातला विनोद सोडला तरी मुद्दा उरतो. 'शाप की वरदान' या प्रश्नात कोणी काही करायचं नसतं. मोबाइल शाप ठरला तर उद्या सकाळी काय बदलेल? काहीच नाही. म्हणून मुलाला किंमत मोजावी लागत नाही, आणि मग दोन्ही दगडांवर पाय ठेवून पाच मिनिटं आरामात काढता येतात. सरांची पहिली अट ही, की विषयात कोणीतरी काहीतरी करावं असं म्हटलेलं असलं पाहिजे. कायदा करावा, बंदी उठवावी, सक्ती करावी, काहीही. करायचं म्हटलं की ते कोण करणार, कोणाला झळ बसणार, पैसे कुठून येणार हे प्रश्न रांगेने उभे राहतात, आणि वाद तिथे सुरू होतो.

बाईंच्या मागून संस्थेचे चिटणीस आले. त्यांना भव्य विषय आवडतात. त्यांनी 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवाच्या अस्तित्वापुढील प्रश्न' असा विषय आणला होता आणि तो बॅनरवर कसा दिसेल हे हाताने हवेत लिहून दाखवलं. सरांनी चिटणीसांचा मान राखून एवढंच विचारलं, "भाऊसाहेब, वेळ पाच अधिक दोन मिनिटांचा आहे. अस्तित्व बसेल का त्यात?" चिटणीस गेल्यावर आम्हाला मात्र त्यांनी खरं कारण सांगितलं. दहावीतल्या मुलाला त्या विषयातलं स्वतःचं असं काहीच ठाऊक नसतं. तो चार ठिकाणांहून मोठमोठी वाक्यं उतरवतो, तीच वाक्यं दुसऱ्या शाळेच्या मुलीनेही उतरवलेली असतात, आणि परीक्षक एकच भाषण वेगवेगळ्या आवाजांत ऐकतात.

मग सरांनी कोरा कागद घेतला आणि वर 'समाजमाध्यमे' असं लिहून खाली रेघ मारली. यानंतरचा तास मी शेजारी बसून पाहिलाय, म्हणून तो सांगतो.

पहिला मसुदा माझा होता : समाजमाध्यमांमुळे तरुण पिढी बिघडत चालली आहे. सरांनी विचारलं, "हे बोलणार कोण?" म्हटलं, नववी-दहावीची मुलं. "म्हणजे अनुकूल बाजूच्या मुलाने कडक इस्त्रीचा गणवेश घालून, भांग पाडून, व्यासपीठावर पाठ सरळ ठेवून आपण बिघडलो आहोत हे सिद्ध करायचं. तो जितकं छान बोलेल तितका त्याचा मुद्दा पडणार." मसुदा पडला.

दुसरा विज्ञानाच्या सरांचा : समाजमाध्यमांचा अतिवापर घातक आहे. यावर विषयवाले सर नुसते हसले. 'अति' म्हटलं की निकाल वाक्यातच लागून जातो, प्रतिकूल बाजूने उभं राहून करायचं काय? असले शब्द ते डाळीतल्या खड्यांपेक्षा बारकाईने वेचतात. 'अंधानुकरण', 'आहारी', 'विळखा' हे शब्द दिसले की सर पेनाचं टोपण काढतातच. त्यांच्या मते अशा विषयात स्पर्धा घेणाऱ्यानेच एका बाजूने भाषण करून टाकलेलं असतं.

तिसरा मसुदा जरा बरा होता : शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांना मोबाइल वापरण्यास बंदी असावी. करायची गोष्ट आहे, करणारा ठरलेला आहे, फ्रान्सने २०१८ मध्ये शाळांपुरता असा कायदाही केला आहे. मला वाटलं आता चहा पिऊन घरी जाता येईल. पण सर म्हणाले, "आपल्या शाळेत मोबाइल आणू देतात का?" नाही देत. "तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या शाळेत?" नाही. "मग अनुकूल बाजू मागते काय? जे आहे तेच!" वादविवादात बदल मागणाऱ्याने बदलाची गरज पटवून द्यायची असते आणि विरोध करणाऱ्याने ती खोडायची असते. आधीच चालू असलेली गोष्ट 'असावी' म्हणून मांडली तर ओझं भलत्याच खांद्यावर जातं. अनुकूल मुलगा 'आमच्याकडे हे आहेच, छान चाललंय' म्हणून खाली बसतो, आणि बिचाऱ्या प्रतिकूल मुलाला परीक्षक म्हणून बसलेल्या मुख्याध्यापकांसमोर मोबाइल शाळेत आणू द्या असा युक्तिवाद करावा लागतो.

चौथ्या मसुद्याला पेन थांबलं. 'भारतात सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर स्वतःचे खाते उघडण्यास कायद्याने मनाई असावी.'

सोळाच का, यावर सर बराच वेळ बोलले, आणि मला वाटतं त्यांच्या कारागिरीचं मर्म तिथे आहे. वयाचा आकडा हलवला की सगळं वजन हलतं. तेरा लिहिलं तर वाद संपतोच, कारण बहुतेक मोठ्या कंपन्यांनी स्वतःच्या अटींतच तेराची मर्यादा घालून ठेवलेली आहे, पाळली जावो न जावो. अठरा लिहिलं तर अकरावी-बारावीची, कॉलेजात जाणारी, गाडी शिकणारी मुलंही त्यात आली, आणि अनुकूल बाजूला श्वास घ्यायला जागा राहिली नाही. सोळावर मात्र रेघ बरोबर या स्पर्धकांमधूनच जाते. बोलणाऱ्यातला एक पंधराचा, एक सोळा पूर्ण झालेला. शिवाय ही रेघ कोणी हवेत ओढलेली नाही. ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या नोव्हेंबरात सोळा वर्षांचाच कायदा मंजूर केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. त्यात दंड कंपनीला आहे, मुलाला किंवा पालकाला नाही. आणि दंडाची कमाल मर्यादा जवळपास पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर आहे.

इथे कोणीही पेन खाली ठेवलं असतं. सरांनी विषयाखाली 'टीप' असं लिहिलं आणि दुसरा चहा मागवला.

टीप ही त्यांची खासियत. त्यांच्या अनुभवात विषयावर वाद होण्याऐवजी शब्दांवर वाद झाला की स्पर्धा वाया जाते. एक मुलगी समाजमाध्यम म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप धरते आणि वर्गाचा गट बंद झाला तर गृहपाठ कसा कळणार म्हणून रडवेली होते. दुसरा मुलगा तेच म्हणजे रील धरतो आणि सगळा देश नाचतोय म्हणतो. दोघेही बरोबर, आणि दोघांची गाठच पडत नाही. म्हणून टीपेत तीन वाक्यं आली. मनाई स्वतःच्या नावाने खातं उघडायला आहे, खात्याशिवाय काही पाहायला नाही. निरोपाची आणि अभ्यासाची अ‍ॅप यात धरलेली नाहीत. नियम मोडल्यास शिक्षा कंपनीला आहे, मुलाला वा पालकाला नाही. ऑस्ट्रेलियाच्या कायद्याची चौकट साधारण अशीच आहे, त्यामुळे टीप मनची नाही असं ठासून सांगता येतं. शिवाय तिसऱ्या वाक्यामुळे प्रतिकूल बाजूचा एक स्वस्त मुद्दा गेला : 'उद्या पोलीस लहान मुलांना धरून नेतील.' सर म्हणाले, "जो मुद्दा एका वाक्यात मरतो तो स्पर्धेच्या आधीच मारलेला बरा. पाच मिनिटं वाचतात."

आता तपासणी. सर कागदाला मधोमध घडी घालतात, डावीकडे अनुकूल, उजवीकडे प्रतिकूल, आणि दोन्हीकडे मुद्दे लिहीत जातात. ते मुद्दे मोजत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. ते शोधत असतात अशी माहिती, जी दोन्ही बाजूंना वापरता येईल. अशी माहिती सापडली की सर खुलतात.

यंदा त्यांना ती सांगली जिल्ह्यात सापडली. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवलं, की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि पुढचा दीड तास गावात टीव्ही-मोबाइल बंद राहतील. मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. "बघा," सर म्हणाले, "अनुकूल मुलगी म्हणेल, बंधन घातलं की फरक पडतो, गावाला जमलं ते देशाने करावं. प्रतिकूल मुलगा म्हणेल, कायदा नाही, दंड नाही, नुसत्या भोंग्यावर भागलं, मग संसदेला कशाला त्रास? एकच भोंगा, दोन भाषणं!" त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी प्रमेय सुटल्याचा आनंद होता.

दुसरी माहिती तशीच. आपल्या संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा केला. त्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे आणि मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायला सांगितलं आहे. प्रतिकूल बाजू म्हणेल, पालक विचारात घेतलेच आहेत, दुसरा कायदा कशाला? अनुकूल बाजू म्हणेल, संमतीचं बटण दाबणारे पालक म्हणजे 'दे ना बाबा एकदा' याला कंटाळलेले पालक. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, आणि दोघांनाही पुढचं वाक्य शोधावं लागतं.

इतकं झाल्यावर सरांनी मामांना बोलावलं. मामा आमचे शिपाई. सरांचा कुठलाही विषय मामांकडून पास झाल्याशिवाय छापला जात नाही. सरांनी विषय वाचून दाखवला, टीप वाचून दाखवली. मामांनी टेबलावरचे कप गोळा करत ऐकलं आणि म्हणाले, "सर, आमच्या घरात फोन एक. त्यो माझा. खातं माझ्या नावचं, आणि बघतोय नातू. मग सोळाच्या खालचा धरायचा कोन? मी का त्यो?"

सरांनी उजवीकडच्या रकान्यात हे सगळ्यात वर लिहिलं आणि त्याला चौकट केली. वय तपासायचं म्हणजे ओळखपत्र मागायचं किंवा चेहऱ्यावरून अंदाज बांधायचा. दोन्ही वाटा एका फोनवर चार माणसं चालवणाऱ्या घरात अडखळतात. प्रतिकूल बाजूला तोवर 'स्वातंत्र्य' या मोठ्या शब्दापलीकडे काही नव्हतं. मामांनी तिला पाया दिला. मात्र सरांचं समाधान अर्धंच झालं, कारण आता उजवा रकाना जड वाटायला लागला. अनुकूल बाजूसाठी मामांच्या तोडीचं उत्तर सापडेपर्यंत घरी जाणं नव्हतं. ते शेवटी हिंदीच्या बाईंनी दिलं, पर्स खांद्याला लावून, दारातून : "चोर भिंतीवरून उडी मारतो म्हणून कोणी दाराला कुलूप लावायचं सोडतं का हो?" सरांनी डावीकडे लिहून घेतलं आणि बाईंना जायला परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी एका तरुण शिक्षकाने दहावी 'अ'मध्ये हात वर करायला लावून मतं मोजली. जवळजवळ सगळा वर्ग बंदीच्या विरोधात. तो धावत आला, "सर, विषय एकतर्फी आहे!" सर शांत होते. किती जणांना एखादी बाजू पटते आणि त्या बाजूने किती बोलता येतं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत असं त्यांचं म्हणणं. मुलांना विचारलं तर शनिवारच्या शाळेलाही सगळे विरोधच करतील. पाहायचं असेल तर वर्गातल्या दोन मुलांना दोन्ही बाजूंनी बोलायला लावा आणि त्यानंतर पुन्हा हात मोजा. चार हात जरी हलले तरी विषयात जीव आहे. त्यातही बंदीच्या बाजूने बोलायला तो मुलगा उभा करा, ज्याला बंदी नको आहे. त्याला तिसऱ्या मिनिटालाही बोलायला काही सापडलं, तर विषय पास.

सरांना खरी धास्ती मुलांची नसते, परीक्षकांची असते. परीक्षक पन्नाशीचे, घरात पंधरा वर्षांचा मुलगा, कालच त्याच्याशी फोनवरून भांडण झालेलं. अनुकूल मुलगी तोंड उघडायच्या आधीच तिला अर्धे गुण पडलेले असतात. यावर कायमचा इलाज नाही. सर दोन गोष्टी करतात. गुणपत्रिकेत 'विषयप्रतिपादन' या एका पोत्यात सगळं न कोंबता 'खंडन' असा वेगळा रकाना ठेवतात, म्हणजे समोरच्याचा मुद्दा ऐकून खोडणाऱ्याला त्याचे गुण वेगळे मिळतात. आणि स्पर्धेआधीच्या बैठकीत परीक्षकांना सांगतात, की आपलं मत आपण परतीच्या एसटीत मांडावं. या वाक्याला परीक्षक हसतात. हसले की वाक्य लक्षात राहतं.

आणखी एक समतोल ते सांभाळतात, ज्याच्याकडे सहसा कोणाचं लक्ष नसतं. शहरातल्या इंग्रजी शाळेच्या मुलाला ऑस्ट्रेलियाचा कायदा घरबसल्या मिळतो; वाडीवरच्या शाळेतल्या मुलीला तो आहे हेच माहीत नसतं. मग दोन बाजूंची लढत राहत नाही, दोन घरांची होते. म्हणून पत्रकासोबत प्रत्येक शाळेला दोन पानांचं तेच ते टिपण जातं : ऑस्ट्रेलिया, २०२३ चा आपला कायदा, मोहित्यांचे वडगाव, आणि मामांचा प्रश्न मामांचं नाव न घालता. निष्कर्ष कुठेच नाही. सरांना तो लिहिताच येत नाही, हा त्यांचा दोष इथे कामी येतो.

निकालानंतर सर्वजण बक्षिसांचे फोटो काढतात तेव्हा सर वहीत फक्त एवढंच लिहितात, की पहिल्या दहांत अनुकूल किती आणि प्रतिकूल किती. यंदा सात-तीन आलं आणि विज्ञानाचे सर लगेच म्हणाले, "झुकला ना तुमचा विषय?" विषयवाल्यांनी खिशातून रुपया काढून त्यांच्या हातात दिला. "दहादा उडवा. एका बाजूला सात किंवा जास्त पडणं हे तीनातून एकदा तर होतंच, नाण्याचा दोष नसताना. नऊ-एक किंवा त्याहून वाईट आलं तर या माझ्याकडे, ते शंभरात दोनदाच होतं." विज्ञानाचे सर खरंच उडवत बसले. पाचव्या वेळी रुपया कपाटाखाली गेला आणि प्रयोग थांबला.

पुढच्या वर्षासाठी सरांनी कागद घेतला आहे. 'शाळांमध्ये हजेरी यंत्राने चेहरा ओळखून घ्यावी' असा मसुदा तयार आहे, दोन्ही रकाने जवळपास भरलेत, मामांनीही होकार दिलाय. अडलंय ते टीपेवर. हजेरी फक्त विद्यार्थ्यांची की शिक्षकांचीही, या मुद्द्यावर स्टाफरूममध्ये उभे दोन तट पडले आहेत, आणि ज्या स्टाफरूमने आजवर प्रत्येक विषयावर 'काहीही द्या हो' म्हटलं, तिथे गेल्या शनिवारी मधली सुट्टी संपल्याची घंटा कोणाला ऐकू आली नाही.